शुभ सकाळ, गुलाब गुलाब गुलाब, लाइट स्किन टोन: वाचून दाखवणाऱ्या फोनला कसं उत्तर लिहायचं?

मीनल_ठाणे

आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप आहे, एकवीस जणांचा. त्यातल्या एका काकांची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. आता ते फोन टॉकबॅक लावून ऐकतात. काल तलावाच्या बाकावर बसलो असताना त्यांनी मुद्दाम आवाज मोठा करून मला माझाच मेसेज ऐकवला. मेसेज हा:

🌹🌹🌹🙏🏻🙏🏻शुभ सकाळ🙏🏻🙏🏻🌹🌹🌹

काकांच्या फोनची भाषा इंग्रजी आहे. तो म्हणाला, "रोझ, रोझ, रोझ, फोल्डेड हँड्स लाइट स्किन टोन, फोल्डेड हँड्स लाइट स्किन टोन, शुभ सकाळ, फोल्डेड हँड्स..." आणि पुढे तेच सगळं परत. मी शरमेने लाल. काका हसत होते, पण म्हणाले, "अगं, तू एकटी असतीस तर ऐकलं असतं. वीस जण असंच पाठवतात. त्यात कुणी 'उद्या तळ्याचं गेट बंद आहे' असं लिहिलं असेल तर ते माझ्या हातून निसटतं."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या चित्रांची ही नावं ठरवतं कोण? आणि काकांना उत्तर लिहिताना काय काळजी घ्यावी, म्हणजे ते ऐकताना माणसाने बोलल्यासारखं वाटेल? चित्रं पूर्ण बंदच करायची का?

गावकरी_नं१

रोजच्या गुड मॉर्निंगने माझा फोन भरून जातो. सेटिंगमध्ये जाऊन मीडिया ऑटो डाउनलोड बंद करा, सगळे प्रश्न सुटतील.

मीनल_ठाणे

@गावकरी, प्रश्न फोन भरण्याचा नाही हो, ऐकण्याचा आहे.

टेक्नोराजे

सोपं आहे. इमोजी हे छोटे फोटो असतात. फोन ते फोटो ओळखून वर्णन करतो, म्हणून इतकं लांबण लागतं. काकांनी ते फोटो ओळखायचं फीचर बंद करावं.

कानोकानी

राजे, अर्धं बरोबर. गुलाबाचा खरा फोटो पाठवलात तर तसं काहीसं होतं, पण इमोजी हा फोटो नसतो. 'क' हे जसं अक्षर आहे तसंच ते एक अक्षर आहे. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांची एकच यादी, तीत त्याला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे लिहिलेलं नाव वाचलं जातं. ओळखायचं काहीच नसतं.

ओळख करून देतो. मी जन्मापासून पाहू शकत नाही. बँकेत नोकरी करतो, कचेरीत संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक असे पडदा वाचून दाखवणारे प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर वापरतो.

मीनलताई, तुमच्या मेसेजचा हिशोब मांडू या. मूळ मजकूर दोन शब्दांचा. गुलाब सहा, म्हणजे सहा शब्द. जोडलेले हात चार, आणि एकेक हात पाच शब्दांचा. वीस झाले. दोन शब्द ऐकायला सव्वीस शब्दांची तटबंदी ओलांडायची. त्यातले तेरा आधी येतात. आम्ही मेसेज ऐकताना पहिल्या दोन-तीन शब्दांवर ठरवतो की हा ऐकायचा की पुढच्यावर जायचं. तुमचा मेसेज 'रोझ रोझ'ने सुरू झाला की बोट आपोआप पुढे सरकतं. काकांचं गेट तिथे निसटतं.

त्यामुळे माझ्या दृष्टीने पहिली गोष्ट संख्या नाही, जागा. शब्द आधी, चित्र शेवटी. शेवटी असलं की ऐकणारा ते मध्येच तोडू शकतो आणि त्याचं काही बुडत नाही.

झंप्या

"सव्वीस शब्दांची तटबंदी" हहपुवा. आमच्या ग्रुपात एकाचे मेसेज म्हणजे जंजिरा आहे, आत शिरताच येत नाही.

अक्षरशत्रू

नावं कोण ठरवतं यावर. मी फॉन्ट आणि भाषांच्या कामात आहे. दोन वेगवेगळी नावं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक युनिकोडचं अधिकृत इंग्रजी नाव. ते एकदा दिलं की बदलत नाही, चुकलं असलं तरी. 🙏 चं तसं नाव 'पर्सन विथ फोल्डेड हँड्स' आहे, चित्रात माणूस नसतानाही. दुसरं बोलण्यासाठीचं छोटं नाव. ते युनिकोड कन्सॉर्शियमच्याच सीएलडीआर नावाच्या साठ्यात असतं, तिथे भाषावार वेगळं असतं, मराठीतही आहे, आणि ते सुधारता येतं. बहुतेक स्क्रीन रीडर हे दुसरं नाव घेतात. काकांनी फोनची भाषा आणि आवाज मराठी केला तर बरीच नावं मराठीत ऐकू यायला हवीत.

'लाइट स्किन टोन'चं म्हणाल तर ते वेगळं अक्षर आहे. 🙏🏻 म्हणजे U+1F64F आणि त्याला चिकटून U+1F3FB. पहिला हात, दुसरा रंग. पिवळा ठेवलात तर दुसरं अक्षर जातच नाही, आणि पाचाचे दोन शब्द होतात.

सुलभाताई_सांगली

मी कधीच रंग निवडला नव्हता. नातीने एकदा माझ्या फोनवर काहीतरी केलं, तेव्हापासून हात गोरेच येतात. मला वाटायचं फोन नवा म्हणून.

बाकी चित्रं बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. नुसतं "शुभ सकाळ" म्हणजे वाण्याच्या दुकानातल्या पाटीसारखं वाटतं. मोठ्या माणसाला हात न जोडता कसं लिहायचं?

कानोकानी

सुलभाताई, बंद करा असं मी म्हणालोच नाही. पण तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तुम्ही समोर आलात तर तोंडाने काय म्हणाल? "नमस्कार काका, शुभ सकाळ." हात जोडाल ते नमस्कार म्हणताना. मेसेजमध्ये आपण 'नमस्कार' गाळतो आणि त्याच्या जागी हात ठेवतो. बघणाऱ्याला ते चालतं, आम्हाला शब्दाऐवजी वर्णन मिळतं. "जोडलेले हात काका" असं कुणी बोलत नाही. शब्द लिहा, मग हवा तर एक हात जोडा.

मी एक प्रयोग केला होता तो सांगतो. एनव्हीडीएच्या Preferences मेनूत Punctuation/symbol pronunciation अशी खिडकी आहे. तिथे कुठलंही चिन्ह शोधून त्याच्या जागी आपल्याला हवं ते बोलायला लावता येतं. मी 🙏 ला 'नमस्कार' केलं. रंग लावलेला हात ही वेगळी नोंद निघाली, ती वेगळी बदलावी लागली. मग आठवडाभर मजा आली. "नमस्कार, उद्या सुट्टी आहे का?" असं छान ऐकू यायचं.

मग कचेरीतल्या एकाचे वडील गेले. ग्रुपवर एकामागून एक, "भावपूर्ण श्रद्धांजली नमस्कार. भावपूर्ण श्रद्धांजली नमस्कार." त्याच संध्याकाळी एकाने पैसे परत मागितले, "प्लीज नमस्कार". म्हणजे हाच हात नमस्कार, आभार, विनंती, माफी आणि श्रद्धांजली. पुन्हा मूळ नाव ठेवलं. 'जोडलेले हात' रुक्ष आहे, पण खोटं बोलत नाही. अर्थ लावायचं काम ऐकणाऱ्यावर सोडतं.

पुणेरी_पाटी

म्हणजे तुमच्या फोनला "प्लीज नमस्कार" म्हणजे दुपारी एक ते चार दुकान बंद असं ऐकू आलं असेल. (दिवे घ्या.)

उर्मी

मीही पाहू शकत नाही, आणि कानोकानींशी पूर्ण सहमत नाही. मला इमोजी आवडतात. मी स्वतः भरपूर पाठवते. मैत्रिणीने "ये ना 😂" लिहिलं आणि शेवटी 'फेस विथ टिअर्स ऑफ जॉय' ऐकू आलं, तर मला तिचा चेहरा कळतो. सपाट आवाज सगळं एकाच सुरात वाचतो, त्यात थट्टा आणि राग सारखेच वाटतात. त्या एका चित्राने सूर कळतो. आमच्यासाठी म्हणून सगळे एकदम औपचारिक लिहायला लागले की मला सरकारी पत्र आल्यासारखं वाटतं.

उलट कधीकधी आम्हालाच जास्त कळतं. आमच्या नात्यातल्या एक आजी प्रत्येक निधनाच्या बातमीखाली 😂 टाकायच्या. त्यांना ते अश्रू दिसायचे, हसू दिसायचं नाही. सगळे डोळस गप्प. मी पहिल्यांदा सांगितलं की आजी, हे आनंदाश्रू आहेत. रडण्याचं 😭 वेगळं, त्याचं नाव 'लाउडली क्राइंग फेस'.

झंप्या

आजींचं काही चुकलं नसेल, कोण गेलं होतं त्यावर आहे.

कानोकानी

उर्मीताई, मान्य. शेवटी एक असलं तर मलाही सूर कळतो. माझं भांडण कुंपणाशी आहे. ओळीने पाच-दहा आले की काही रीडर मोजून एकदा सांगतात, काही प्रत्येक वेगळा वाचतात. पाठवणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही.

अक्षरशत्रू

उर्मी म्हणतात त्यावरून आठवलं. आपले सणवार आले की खरी गंमत होते, कारण आपल्या वस्तूंची चित्रंच नाहीत आणि आपण दिसायला जवळचं काहीतरी उचलतो. दिसतं जवळचं, नाव मात्र भलतंच.

गुढी नाही, म्हणून पाडव्याला लोक 🎋 टाकतात. त्याचं नाव 'तानाबाता ट्री', जपानी सणातली बांबूची फांदी. आकाशकंदील म्हणून 🏮, तो 'रेड पेपर लँटर्न'. युनिकोडच्या मूळ नावात तर तो 'इझाकाया लँटर्न', म्हणजे जपानी गुत्त्याबाहेरचा दिवा. महाशिवरात्रीला बेलाचं पान म्हणून ☘️, ते 'शॅमरॉक', आयर्लंडचं. फटाका म्हणून 💥, त्याचं नाव 'कोलिजन'. "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा, टक्कर, टक्कर, टक्कर." आणि "जय शिवराय 🚩" मध्ये आपल्याला भगवा दिसतो, ऐकणाऱ्याला फक्त 'ट्रँग्युलर फ्लॅग', तिकोनी झेंडा. पणती तेवढी आपल्याला मिळाली, 🪔, 2019 च्या युनिकोड 12 मध्ये. ती 'दिया लँप' अशी नीट वाचली जाते.

सुलभाताई_सांगली

अरे देवा. मी गेल्या शिवरात्रीला सगळ्यांना अकरा बेल वाहिले होते.

पुणेरी_पाटी

महादेव आयर्लंडला पोचले असतील, ताई.

उर्मी

मला ते 'तानाबाता ट्री' खरंच कळलं नव्हतं! पाडव्याला दरवर्षी ऐकायचे आणि वाटायचं, एखादा नवा ॲप आलाय.

सायलेंट_वाचक

रच्याकने, मजकूर सजवायची ती वळणदार इंग्रजी अक्षरं असतात ती पण घ्या यात. माझा भाऊ 𝓖𝓸𝓸𝓭 असं लिहितो. माझी दृष्टी कमी आहे, मी मोठं करून आणि ऐकून दोन्ही करते. माझा फोन ती अक्षरं सरळ गिळतो, काहीच बोलत नाही.

कानोकानी

ती दिसायला इंग्रजी असली तरी मुळात गणिताची चिन्हं आहेत. पहिल्या अक्षराचं नाव 'मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल जी'. त्यामुळे रीडर एकतर प्रत्येकाचं आख्खं नाव घेतो किंवा तुमच्यासारखं गप्प बसतो. एनव्हीडीएने 2024.3 मध्ये Unicode normalization नावाची सोय दिली. ती चालू केली की अशी अक्षरं साध्या अक्षरांसारखी वाचली जातात. पण ती माझ्या कचेरीच्या संगणकावर. भावाला सांगा साधं लिही. सुदैवाने देवनागरीला अशी सजावट नाही, मराठीत लिहिलं की आपोआप वाचतो.

मराठीतली आपली खास सजावट म्हणजे उभ्या रेघा. || शुभ सकाळ || असं लिहिताना लोक कळफलकावरची पाइप दाबतात. विरामचिन्हं वाचायची पातळी वर असेल तर "व्हर्टिकल बार, व्हर्टिकल बार". देवनागरीचा खरा दुहेरी दंड ॥ वेगळा आहे. माझ्याकडे तो आला की आवाज फक्त थांबा घेतो, जसा घ्यायला हवा तसा.

आणि विसर्ग! लोक 'दु:ख' लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाकतात. डोळ्याला फरक दिसत नाही. माझ्या कानाला "दु", थांबा, "ख" असं येतं. "स्वत:" चं "स्वत" होतं, पुढे काहीच नाही. वाकड्या इमोजीपेक्षा हे मला जास्त खटकतं, कारण तिथे शब्दच मोडतो.

टेक्नोराजे

मग रीडरनेच हे सगळं सुधारून घ्यावं ना. लोकांनी का बदलायचं? एक फिल्टर लावला की इमोजी गायब.

उर्मी

गायब केले की कुणी नुसता 👍 पाठवला तर माझ्यापर्यंत रिकामा मेसेज येणार. "उद्या येणार का?" ला उत्तर आलं, पण काय आलं ते कळणार नाही. कंपन्यांनी सुधारावं हे बरोबर, पण तोवर मी उद्या जाऊ की नको?

नाशिकचा_बाळू

नावांचं कुणीच बोललं नाही. आमच्या ग्रुपात एकाने स्वतःच्या नावाला दोन्ही बाजूंनी ꧁ ꧂ लावलंय. माझी बहीण ऐकून वापरते. त्याचा नंबर तिच्याकडे सेव्ह नव्हता, त्यामुळे त्याने काहीही लिहिलं की आधी नावापुढचं ते 'टिल्ड', मग काहीतरी 'जावानीज', मग नाव, मग पुन्हा 'जावानीज'. तिला वाटलं तो जावा शिकवतो, क्लासची फी विचारून बसली.

अक्षरशत्रू

बाळू, बरोबर आहे, ती जावा बेटावरच्या लिपीतली चिन्हं आहेत. उपाय सोपा: बहिणीला म्हणावं त्याचा नंबर साध्या नावाने सेव्ह कर. मग तिच्या फोनवर तिने ठेवलेलं नाव दिसतं आणि ऐकू येतं.

मीनल_ठाणे

किती नवीन कळलं! तुमचं सगळं वाचून मी कालचं एक उत्तर पुन्हा लिहून बघितलं. काकांनी ग्रुपवर विचारलं होतं, "उद्या कोण कोण येणार? गेट उघडं आहे का?" माझं मूळ उत्तर असं होतं:

🙏🏻🌞 👍👍 6:15 ला ✅ गेट❌ मागचं ✅✅ 😊

मी माझ्याच फोनवर टॉकबॅक लावून ऐकलं. सूर्याला चेहरा आहे हे कळलं, हिरवी खूण कळली, पण गेट उघडं की बंद ते मलाच दोनदा ऐकावं लागलं. फोन आधी "गेट" म्हणतो आणि फुलीचं नाव नंतर घेतो. पाठोपाठ "मागचं" येतं, त्यामुळे ती फुली मागच्या गेटाची वाटते.

नवीन उत्तर:

नमस्कार काका. मी सव्वासहाला येते. पुढचं गेट बंद आहे, मागच्या गेटाने या. 😊

ठीक आहे का?

कानोकानी

उत्तम. एक लक्षात आलं का तुमच्या? पहिल्या उत्तरात फुली आणि बरोबरची खूण म्हणजे क्रियापदं होती. 'आहे', 'नाही', 'बंद', 'उघडं' हे सगळं चित्रांवर सोडलं होतं. वाक्यातलं क्रियापद चित्रावर टाकू नका, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं. 'सव्वासहा' शब्दात लिहिलंत तेही चांगलं. आकडे कधी मराठीत, कधी इंग्रजीत वाचले जातात, आणि मध्ये कोलन असला की आवाजावर आहे काय करेल ते. पूर्णविराम दिलेत म्हणून तीन वाक्यं तीन श्वासांत येतील. पूर्णविराम नसला की आवाज सगळं एका दमात ओढतो.

आणि नुसतं "पाहिलं, ठीक" एवढंच सांगायचं असेल तर वेगळा मेसेज न टाकता त्याच मेसेजवर दाबून प्रतिक्रिया द्या. ओळीत नवा मेसेज येत नाही, आम्हाला तो ओलांडावा लागत नाही.

उर्मी

यावर माझं उलट मत. प्रतिक्रिया माझ्या हातून राहून जातात, मागे जाऊन तो मेसेज पुन्हा ऐकला तरच कळतात. वाढदिवसाला चालेल. "येणार का?" ला शब्दातच उत्तर द्या.

गावकरी_नं१

मी पण टॉकबॅक चालू करून बघितला. आता बंद होत नाहीये. एकदा दाबलं की नुसतं बोलतो, उघडत काहीच नाही. लवकर सांगा.

कानोकानी

हवं त्यावर एकदा बोट ठेवा, नाव ऐका, मग कुठेही पटकन दोनदा टॅप करा. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टॉकबॅक असं जात जा. पडदा सरकवायला दोन बोटं लागतील. घाई करू नका, आम्ही रोज असंच करतो.

मीनल_ठाणे

ताजी खबर. मी ग्रुपवर सगळ्यांना विनंती केली, लोकांनी मनावर घेतलं. चार दिवस सगळे "नमस्कार काका, शुभ सकाळ." आज काका म्हणाले, "काय गं, सगळे माझ्यावर चिडलेत का? एकदम परीक्षेचा पेपर वाटतोय." आता काय करू? फुलं परत आणू?

उर्मी

मी म्हणाले होते!

कानोकानी

एक फूल. शेवटी. कोणतं ते ज्याने त्याने ठरवावं. हे काकांना विचारून बघा, मला विचारू नका. माझं आणि उर्मीताईंचं जमत नाही, तर काकांचं माझ्याशी कशाला जमेल.

सुलभाताई_सांगली

त्या हातांवर बोट दाबून धरलं तेव्हा रंगांची ओळ आली, त्यातला पहिला पिवळा निवडला. आता पिवळेच येतात. सकाळी यांना पाठवला तर स्वयंपाकघरात येऊन विचारतात, कावीळ झालीय का.